भाववाढ कलम

भाववाढ कलम हे दीर्घ मुदतीच्या कंत्राटातील असे कलम होय, ज्यानुसार काम चालू असताना साहित्य, मजुरी व इंधन यांच्या किमतींत झालेला बदल ठरलेल्या सूत्राने मोजला जातो आणि कंत्राटदाराला दिला किंवा त्याच्याकडून वसूल केला जातो. शासकीय कागदपत्रांत त्याला 'किंमत चढउतार कलम', 'भावफरक' अशीही नावे आहेत आणि त्यांपैकी 'चढउतार' हे सर्वांत अचूक आहे, कारण हे कलम दोन्ही बाजूंनी चालते. निर्देशांक वाढला तर शासन फरक देते. तो घसरला तर तेवढी रक्कम कंत्राटदाराच्या पुढील देयकातून कापून घेतली जाते. महाराष्ट्र शासनाच्या बी-१, बी-२ व सी नमुन्यांतील कंत्राटांत हे कलम ठरावीक मसुद्याने येते. तुकडा पद्धतीच्या कामांना ते लागू होत नाही.

परभणी जिल्ह्यात पूल, रस्ते, कालवे आणि शासकीय इमारती यांची बहुतेक मोठी कामे सार्वजनिक बांधकाम विभाग व जलसंपदा विभाग यांच्यामार्फत होतात. या लेखात प्रामुख्याने अशा कामांतील साहित्याचा भावफरक आणि त्याचे देयक यांचा विचार केला आहे.

## प्रकल्पाची भाववाढ आणि कंत्राटाची भाववाढ

'भाववाढ' हा शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यातून बराच गोंधळ होतो. सेलू तालुक्यातील ब्रह्मवाकडी येथील निम्न दुधना प्रकल्पाला १९७९ मध्ये मंजुरी मिळाली. धरणात पाणी साठण्यास त्यानंतर सुमारे तीन दशके लागली आणि उरलेल्या कामांसाठी हा प्रकल्प केंद्राच्या वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रमात घेण्यात आला. एवढ्या काळात प्रकल्पाची किंमत पुन्हा पुन्हा सुधारावी लागते. दरसूची बदलते, भूसंपादन महागते, कामाची व्याप्तीही वाढते. या वाढीला सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. राज्य शासनाने २०१२ च्या अखेरीस काढलेल्या सिंचन श्वेतपत्रिकेच्या वेळी जो वाद झाला, तो मुख्यतः या प्रकारच्या वाढीबद्दल होता.

कंत्राटातील भाववाढ ही याहून फार लहान आणि काटेकोर गोष्ट आहे. तिचा संबंध एका कामाशी, एका निविदेशी आणि एका तिमाहीशी असतो. दरसूची सुधारली म्हणून चालू कंत्राटाचे दर आपोआप बदलत नाहीत. निविदेतील दर अखेरपर्यंत तेच राहतात आणि फरक स्वतंत्र देयकाने मिळतो. 'नव्या दरसूचीप्रमाणे बिल करा' ही मागणी म्हणूनच मूळ बाबींसाठी टिकत नाही. निविदेतील परिमाणापेक्षा बरेच जास्त झालेले काम आणि जादा बाबी यांचा दर मात्र चालू दरसूचीवरून किंवा परस्पर संमतीने ठरतो. त्यामुळे अशा कामावर पुन्हा भावफरक मिळत नाही.

## सूत्राची रचना

कंत्राटदाराने लोखंड किती रुपयांना घेतले, याची पावती या पद्धतीत निर्णायक नसते. जालन्याच्या रोलिंग मिलमधून आणलेल्या सळईचा प्रत्यक्ष भाव एक असेल आणि देशपातळीवरील निर्देशांक दुसरेच सांगत असेल, तरी देयक निर्देशांकानेच होते. चांगली खरेदी करणाऱ्याला त्याचा लाभ मिळतो, तर चढ्या भावात अडकलेल्याला तोटा सोसावा लागतो.

सिमेंट, पोलाद, डांबर आणि लोखंडी नळ हे मोठे साहित्य सूत्रात वेगळे काढलेले असते. त्यांचा मूळ दर निविदेतच छापलेला असतो. त्याला 'स्टार रेट' म्हणतात. उरलेल्या कामाची विभागणी मजुरी, इतर साहित्य व इंधन अशा तीन टक्केवारींत करतात आणि त्या तिघांची बेरीज १०० असते. इतर साहित्याचे सूत्र असे आहे :

V2 = 0.85 × P × (K2 ÷ 100) × (M1 − M0) ÷ M0

येथे P म्हणजे त्या तिमाहीत झालेल्या कामाची निविदा दराने किंमत, वजा त्या कामात वापरलेल्या सिमेंट, पोलाद इत्यादींची स्टार रेटने किंमत. K2 ही निविदेत दिलेली साहित्याची टक्केवारी. M0 हा सर्व वस्तूंच्या घाऊक किंमत निर्देशांकाचा आधार तिमाहीतील सरासरी आकडा आणि M1 हा चालू तिमाहीतील सरासरी आकडा. ०.८५ या गुणकाचा अर्थ असा की, वाढीचा १५ टक्के भार कंत्राटदाराने स्वतः उचलायचा आहे. निविदा भरताना तो दरात धरलेला असावा, ही अपेक्षा असते.

पोलाद व सिमेंट यांना हा १५ टक्क्यांचा काट नाही. वापरलेले टन गुणिले स्टार रेट गुणिले त्या वस्तूच्या निर्देशांकातील प्रमाणशीर बदल, एवढेच त्यांचे सूत्र. डांबराचे सूत्र याहूनही सरळ असून त्यात तेलशुद्धीकरण कारखान्याच्या दरातील प्रतिटन फरकाला वापरलेल्या टनांनी गुणतात.

## एक उदाहरण

खालील काम काल्पनिक असून आकडे हिशोबाच्या सोयीसाठी पूर्णांकी घेतले आहेत. मानवत तालुक्यातील एका ओढ्यावर सार्वजनिक बांधकाम विभागाचा पूल बांधायचा आहे आणि कामाची मुदत २४ महिने आहे. निविदा स्वीकारण्याची अंतिम तारीख २० जुलै २०२० होती, कार्यारंभ आदेश डिसेंबर २०२० मध्ये मिळाला. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२१ या तिमाहीचा भावफरक काढायचा आहे.

या तिमाहीत निविदा दराने ८०,००,००० रुपयांचे काम झाले. त्यात २०० टन सिमेंट व ४० टन पोलाद वापरले गेले. स्टार रेट सिमेंटला प्रतिटन ५,५०० व पोलादाला ४२,००० रुपये होता. म्हणजे सिमेंटचे ११,००,००० आणि पोलादाचे १६,८०,००० मिळून २७,८०,००० रुपये वजा करायचे. उरले ५२,२०,०००. हीच सूत्रातील पहिली राशी होय.

साहित्याची टक्केवारी ५० धरू. आधार तिमाही एप्रिल ते जून २०२०, तिचा निर्देशांक ११९. चालू तिमाहीचा १४२.८. वाढ नेमकी २० टक्के. ०.८५ × ५२,२०,००० × ०.५० × ०.२० केले की ४,४३,७०० रुपये येतात. पोलादाचा निर्देशांक ३५ टक्क्यांनी वाढला असेल तर प्रतिटन १४,७०० प्रमाणे ४० टनांचे ५,८८,००० रुपये झाले. सिमेंट ४ टक्क्यांनीच वाढले असेल, तर प्रतिटन २२० प्रमाणे ४४,००० रुपये. साहित्याचा एकूण भावफरक १०,७५,७०० रुपये. मजुरी व इंधनाचा फरक याच राशीवर वेगळा निघेल.

तपासणीत सर्वांत जास्त सापडणारी चूक येथेच दिसते. सिमेंट-पोलाद वजा न करता संपूर्ण ८० लाखांवर सूत्र लावले, तर इतर साहित्याचा फरक ६,८०,००० येतो. त्यात सळई व सिमेंट यांची वाढ दोनदा मोजली जाते आणि २,३६,३०० रुपये जादा निघतात. देयक मंजूर झाले तरी पुढे लेखापरीक्षणात ही रक्कम अंतिम देयकातून किंवा सुरक्षा ठेवीतून वसूल होते.

## आधार तिमाही आणि निर्देशांकाची मालिका

आधार तिमाही निविदेच्या अंतिम तारखेवरून ठरते, कार्यारंभ आदेशावरून नव्हे. कारण सरळ आहे : कंत्राटदाराने आपला दर निविदा भरताना दिलेला असतो. वरील उदाहरणात आधार म्हणून चुकून सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२० घेतले आणि त्यांचा निर्देशांक १२४ असला, तर वाढ २० ऐवजी सुमारे १५.२ टक्केच दिसते व इतर साहित्याच्या फरकातून सुमारे १ लाख ७ हजार रुपये कमी होतात. २०२० सालच्या निविदांत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरला. टाळेबंदीच्या तिमाहीत घाऊक किमती खाली होत्या, आणि २०२१-२२ या वर्षाचा सरासरी घाऊक निर्देशांक आधीच्या वर्षापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी वर गेला.

चालू तिमाही ठरवताना मोजमाप पुस्तकातील नोंदी उपयोगी पडतात. सप्टेंबर व ऑक्टोबरचे काम एकाच धावत्या देयकात आले असेल, तर भावफरकासाठी ते फोडून ज्या त्या तिमाहीत टाकावे लागते. काम कधी झाले हे महत्त्वाचे, देयक कधी झाले हे नाही. पोलादाचे टनही खरेदीचे नव्हेत, तर कायम बांधकामात प्रत्यक्ष बसवलेले धरतात. म्हणूनच भाव चढण्याआधी साठवलेली सळई पुढच्या तिमाहीत वापरली, तर तिच्यावर चढा निर्देशांक लागतो. भाव पडत असताना हेच उलटे होते.

घाऊक निर्देशांक प्रथम तात्पुरता प्रसिद्ध होतो आणि काही आठवड्यांनी अंतिम होतो. तात्पुरत्या आकड्यावर काढलेले देयक पुढच्या देयकात दुरुस्त करण्याची टीप त्यावर असणे इष्ट.

फार लांबलेल्या कामांत याहून मोठा अडथळा येतो तो मालिका बदलण्याचा. मे २०१७ मध्ये घाऊक निर्देशांकाचे आधारवर्ष २००४-०५ ऐवजी २०११-१२ झाले. जुन्या मालिकेत २०१५-१६ चा सरासरी आकडा सुमारे १७७ होता, तर नव्या मालिकेत २०१६-१७ चा सुमारे ११२. हे दोन आकडे तसेच सूत्रात घातले, तर किमती ३७ टक्क्यांनी कोसळल्या असे दिसते व कंत्राटदाराकडूनच वसुली निघते. त्यासाठी शासनाने सांगितलेला जोडगुणक १.५६१ वापरायचा. ११२ ला त्याने गुणले की जुन्या मोजणीत सुमारे १७५ येतात. म्हणजे या हिशोबाने घट जेमतेम एक टक्का येते. एखादे विवरण संशयास्पद रीतीने मोठी घट किंवा वाढ दाखवत असेल, तर सर्वप्रथम दोन्ही आकडे एकाच मालिकेतले आहेत का, हे पाहावे.

## देयक आणि कर बीजक

भावफरकाचे देयक धावत्या देयकापासून वेगळे असते. त्यासोबत तिमाहीनिहाय कामाचे विवरण, सिमेंट व पोलादाच्या वापराचा तक्ता, निर्देशांकांच्या प्रती आणि मुदतवाढ झाली असल्यास तिचा आदेश जोडतात. शाखा अभियंता व उपअभियंता यांच्याकडून तपासून ते विभागीय लेखा शाखेत जाते आणि कार्यकारी अभियंता ते मंजूर करतात. निर्देशांक अंतिम होण्यास लागणारा वेळ आणि निधीची उपलब्धता यांमुळे काम झाल्यापासून भावफरक हाती पडेपर्यंत बरेच महिने जातात. मधल्या काळात सळईचे पैसे मात्र व्यापाऱ्याला द्यावे लागतात. छोट्या कंत्राटदाराची खरी अडचण बहुधा हीच असते. सूत्र त्याला फारसे प्रतिकूल नसते.

वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने बांधकाम कंत्राट ही सेवा आहे. आधी दिलेल्या कर बीजकातील मूल्य पुढे वाढले, तर केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३४ प्रमाणे डेबिट नोट काढावी लागते. पुरवणी बीजकाचाही त्याच संज्ञेत समावेश होतो. तिच्यावर मूळ बीजकाचा क्रमांक व दिनांक लिहिणे बंधनकारक आहे. एका आर्थिक वर्षातील अनेक बीजकांसाठी एकच डेबिट नोट चालते. उदाहरणातील तिमाहीत तीन धावती देयके झाली असतील, तर तिन्हींचे क्रमांक देऊन एकच डेबिट नोट काढता येईल. ज्या महिन्यात ती काढली, त्याच महिन्याच्या विवरणपत्रात ती दाखवायची असते.

हा केवळ नावाचा प्रश्न नाही. राज्य शासनाला पुरवलेल्या पूल-रस्त्यांच्या कामांवरील कर १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. समजा, वरील भावफरक ऑगस्ट २०२२ मध्ये मंजूर झाला. १०,७५,७०० रुपयांवर १२ टक्क्यांनी १,२९,०८४ रुपये कर होतो, तर १८ टक्क्यांनी १,९३,६२६. फरक ६४,५४२ रुपयांचा. डिसेंबर २०२१ च्या बीजकाशी जोडलेली डेबिट नोट ही जुन्या पुरवठ्याच्या मूल्यातील वाढ ठरते. मूळ बीजकाचा उल्लेख नसलेले नवे बीजक काढले, तर त्याच्या तारखेचा दर लागू करण्याची मागणी होणे स्वाभाविक आहे. करनिर्धारणात हा मुद्दा वादाचा ठरू शकतो. म्हणून कोणता दस्तऐवज काढला आणि विभागाने कोणत्या दराने कर दिला, हे दोन्ही देयकातच जुळलेले असावेत. शासकीय विभाग देयक देताना करपूर्व रकमेच्या २ टक्के जीएसटी मुळातून कापतो. या भावफरकावर ती कपात २१,५१४ रुपये होईल आणि कंत्राटदाराच्या इलेक्ट्रॉनिक रोख खात्यात जमा दिसेल.

पूर्वलक्षी दरवाढीवरील कराचा प्रश्न उत्पादन शुल्काच्या काळातही गाजला होता. पुण्याच्या उत्पादन शुल्क आयुक्तांनी एसकेएफ इंडिया या कंपनीविरुद्ध चालवलेल्या प्रकरणात ग्राहकांशी ठरलेली किंमत मागील तारखेपासून वाढली होती आणि कंपनीने पुरवणी बीजके काढून फरकाचे शुल्क भरले होते. त्या शुल्कावर मूळ माल बाहेर पडल्यापासूनचे व्याज द्यावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवले. स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या प्रकरणात २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठानेही तेच मत कायम ठेवले. जीएसटीतील कलम ३४ ची शब्दरचना वेगळी असल्याने हे निर्णय तेथे जसेच्या तसे लावता येत नाहीत, मात्र कंत्राटाच्या वाटाघाटींत त्यांचा दाखला अजूनही दिला जातो.

## निर्देशांकाबाहेर राहणारी वाढ

गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांमुळे परभणी जिल्ह्याला वाळू घरचीच आहे, असे वाटते. परंतु वाळूघाटांचे लिलाव रखडले की गंगाखेड, पालम, पूर्णा भागातील बांधकामांवर वाळूचा भाव थोड्या दिवसांत कितीतरी चढतो. सूत्रात वाळूसाठी वेगळी राशी नाही. ती 'इतर साहित्य' यात मोडते आणि त्याचा निर्देशांक सर्व वस्तूंचा असतो. त्यात अन्नधान्य, कापड, रसायने, इंधन असे सारे काही येते. देशातील घाऊक किमती स्थिर असतील, तर स्थानिक वाळू दुप्पट महाग झाली तरी भावफरक शून्य निघू शकतो. कलमाच्या शेवटी स्पष्ट म्हटले आहे की, जी वाढ सूत्रात येत नाही ती दरातच समाविष्ट समजली जाईल.

डिझेलचेही असेच, पण थोडे निराळे आहे. मनमाडच्या आगारातून लांबचा प्रवास करून इंधन येत असल्यामुळे परभणीतील पेट्रोल-डिझेलचे दर राज्यात सर्वाधिक असल्याच्या बातम्या २०१८ पासून वारंवार आल्या. कलमात मात्र मुंबईतील दर धरतात. यात परभणीच्या कामावर अन्याय होतो असे प्रथमदर्शनी वाटते, परंतु सूत्र दराची पातळी पाहत नाही, त्यातील प्रमाणशीर बदल पाहते. वाहतुकीचा ठरावीक अधिभार दोन्ही वेळी सारखाच असेल, तर परभणीच्या दरातील टक्केवारीची वाढ मुंबईपेक्षा किंचित कमीच भरते. महाग डिझेलचा भार मूळ दरातच धरलेला असायला हवा.

## मुदतवाढीचा परिणाम

भावफरक कलमाच्या अंमलकाळापुरताच मिळतो. कार्यारंभ आदेशापासून कामाच्या मुदतीपर्यंत, तसेच कंत्राटदाराचा दोष नसताना दिलेल्या मुदतवाढीपर्यंत हा काळ धरतात. विलंबाबद्दल दंड आकारला गेला, तर दंड सुरू झाल्याच्या तारखेचे निर्देशांक गोठवले जातात आणि पुढील कामाला तेच लागतात. बाजार त्यानंतर कितीही चढला, तरी उपयोग होत नाही.

परभणीत विलंबाची कारणे ठरलेली आहेत. पावसाळ्यात काळ्या मातीत यंत्रे उतरत नाहीत. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरील बांधकाम रब्बीचे आवर्तन चालू असताना थांबवावे लागते. भूसंपादन पूर्ण न झालेली पट्टी मध्येच येते. शेवटची दोन कारणे शासनाच्या बाजूची आहेत, परंतु मुदतवाढीच्या आदेशात कारण न लिहिता फक्त 'मुदतवाढ मंजूर' असे असेल, तर पुढे भावफरकाचे देयक त्याच ओळीवर अडते. त्यामुळे आवर्तनाच्या तारखा, जमीन ताब्यात मिळाल्याचा दिनांक आणि काम बंद ठेवण्याच्या सूचना यांचा पत्रव्यवहार त्या त्या वेळीच करून ठेवतात आणि मुदतवाढीच्या अर्जाला जोडतात.

कंत्राटात भाववाढ कलमच नसेल, तर सामान्यतः वाढीव रक्कम मागता येत नाही. याला मर्यादित अपवाद आहे. के. एन. सत्यपालन विरुद्ध केरळ राज्य या कालव्याच्या कामासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, शासनाने स्वतःची जबाबदारी न पाळल्यामुळे काम लांबले आणि खर्च वाढला असेल, तर कलम नसतानाही वाढीव खर्च देण्याचा लवादाचा निवाडा टिकू शकतो.